पाच वर्षांच्या आत पीएफ काढताना: कर कशावर, किती आणि तो कसा मांडायचा

पीएफ काढताना दहा टक्के टीडीएस कापला गेला की कराचा विषय संपला, असे समजून अनेक जण निर्धास्त होतात आणि पुढच्या जुलैमध्ये विवरणपत्र भरताना अडकतात. टीडीएस हा केवळ आगाऊ कापून ठेवलेला हप्ता असतो. प्रत्यक्ष कर त्याहून कमी, जास्त किंवा शून्यही निघू शकतो. वेतन आणि पीएफची कागदपत्रे हाताळताना हेच प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, म्हणून पहिल्यांदाच पीएफ काढायला निघालेल्यांसाठी ते क्रमाने लिहीत आहे.

येथील कलमांचे क्रमांक आयकर अधिनियम १९६१ चे आहेत, कारण खालचे उदाहरण २०२४-२५ या आर्थिक वर्षातले आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाल्यामुळे कलमांचे आणि अर्जांचे क्रमांक बदलले आहेत, पण पाच वर्षांच्या अटीचे मूळ तत्त्व तेच आहे.

हाताशी पुढील गोष्टी ठेवा: यूएएन म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा क्रमांक आणि त्याला जोडलेला मोबाइल, प्रत्येक मेंबर आयडीचे पासबुक, पॅन, प्रत्येक नोकरीचे नियुक्तिपत्र व कार्यमुक्तीचे पत्र, मागच्या वर्षांची विवरणपत्रे, आणि तुमच्या नावावर कापलेला कर व नोंदलेले उत्पन्न दाखवणारे, प्राप्तिकराच्या पोर्टलवरून उतरवून घेतलेले फॉर्म २६एएस व एआयएस.

१. पाच वर्षे नोकरीची मोजा, खात्याची नव्हे

करमाफीचा नियम अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीच्या भाग अ मध्ये, नियम ८ मध्ये आहे. त्यानुसार मालकाकडे सलग पाच वर्षे किंवा अधिक सेवा झालेली असेल, तर काढलेली संपूर्ण रक्कम करमुक्त असते. येथे ‘सेवा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. अडीच वर्षे नोकरी केली आणि नंतर खाते तीन वर्षे नुसते पडून राहिले, तर खात्याचे वय साडेपाच वर्षे होईल, पण सेवा अडीच वर्षांचीच राहील. ‘पाच वर्षे हात लावू नकोस, मग टॅक्स लागत नाही’ हा सल्ला कार्यालयातल्या चहाच्या टपरीवर सर्रास मिळतो आणि तो चुकीचा आहे. उलट नोकरी सुटल्यानंतरच्या काळात जमा झालेले व्याज करपात्र ठरते, असा निर्णय बेंगळुरूच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये दिला, आणि त्या प्रकरणात तर संबंधित कर्मचाऱ्याची सेवा पाच वर्षांहून कितीतरी अधिक होती.

एकापेक्षा जास्त नोकऱ्या झाल्या असतील, तर आधीच्या मालकाकडची सेवा पुढच्या सेवेत मिळवता येते, पण त्यासाठी आधीच्या खात्यातली रक्कम नव्या खात्यात वर्ग झालेली असावी लागते. पहिल्या नोकरीत दोन वर्षे चार महिने आणि दुसरीत दोन वर्षे नऊ महिने काढले आणि पहिली रक्कम वर्ग केली, तर सेवा पाच वर्षे एक महिना भरते आणि कर लागत नाही. तीच रक्कम मधेच काढून घेतली, तर दुसऱ्या नोकरीची मोजणी शून्यापासून सुरू होते.

सर्वाधिक फसगत येथेच होते. यूएएन एकच असला म्हणजे पैसेही एकत्र झाले, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात प्रत्येक मालकाचा मेंबर आयडी वेगळा असतो. ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर `View → Service History` उघडा आणि प्रत्येक आयडीसमोरची रुजू होण्याची व बाहेर पडण्याची तारीख पाहा. त्यानंतर प्रत्येक आयडीचे पासबुक स्वतंत्रपणे उघडा. जुन्या पासबुकात रक्कम अजून दिसत असेल, तर ती वर्ग झालेली नाही. बाहेर पडण्याची तारीखच भरलेली नसेल, तर आधी जुन्या मालकाकडे पाठपुरावा करा. त्यांनी दाद दिली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी `Manage → Mark Exit` येथून ती तारीख तुम्हाला स्वतःला नोंदवता येते.

२. नोकरी का सुटली, हे कागदावर काय लिहिले आहे ते पाहा

पाच वर्षे भरली नसली तरी नियम ८ काही प्रसंगी माफी देतो: आजारपणामुळे नोकरी संपली, मालकाचा व्यवसाय आक्रसला किंवा बंद पडला, अथवा कर्मचाऱ्याच्या हाताबाहेरचे अन्य कारण होते. चांगली संधी मिळाली म्हणून, शिक्षणासाठी किंवा लग्नानंतर गाव बदलले म्हणून स्वतःहून दिलेला राजीनामा यात बसत नाही.

नोकरकपातीच्या वेळी अनेक कंपन्या कर्मचाऱ्याकडून राजीनामाच लिहून घेतात. तो दिला की नोकरी हाताबाहेरच्या कारणाने गेली, हे पुढे सिद्ध करणे अवघड होते. शक्य असेल तर कार्यमुक्तीच्या पत्रात विभाग बंद झाल्याचा किंवा पदे कमी केल्याचा स्पष्ट उल्लेख मागून घ्या आणि मालकाने पोर्टलवर बाहेर पडण्याचे कोणते कारण नोंदवले आहे तेही तपासा. पत्रात एक आणि पोर्टलवर दुसरेच कारण असेल, तर टीडीएस कापला जाईल आणि तो परत मिळवण्यासाठी तेच पत्र पुरावा म्हणून जपून ठेवावे लागेल.

३. काढण्याआधी वर्ग करण्याचा विचार करा

नवी नोकरी मिळाली असेल किंवा मिळण्याच्या बेतात असेल, तर कराच्या दृष्टीने वर्ग करण्याइतका स्वस्त मार्ग दुसरा नाही. वर्ग केलेली रक्कम करपात्र नसते, तिच्यावर टीडीएस नाही आणि सेवेची मोजणीही पुढे चालू राहते. पोर्टलवर `Online Services → One Member – One EPF Account (Transfer Request)` येथून अर्ज करता येतो. नवा मेंबर आयडी सुरू होऊन त्यात पहिली वर्गणी जमा होईपर्यंत थांबावे लागले तरी थांबावे, असे माझे मत आहे. पुढच्या उदाहरणातला आकडा पाहिला की त्याचे कारण कळेल.

पूर्ण रक्कम काढण्यासाठी फॉर्म १९ लागतो आणि त्याआधी काही काळ बेरोजगार असण्याची अट आहे. हा काळ वर्षानुवर्षे दोन महिन्यांचा होता. तो बारा महिन्यांपर्यंत वाढवण्याचा निर्णय केंद्रीय विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतला, म्हणून अर्ज करण्यापूर्वी पोर्टलवरची तेव्हाची अट वाचून घ्या. ही अट पीएफ योजनेची आहे. ती पूर्ण झाली म्हणजे कर माफ झाला, असे नाही.

४. टीडीएस कधी कापला जातो आणि १५जी कोणी द्यावा

कलम १९२ए नुसार, पाच वर्षे भरली नसताना मिळणारी रक्कम ५०,००० रुपये किंवा अधिक असेल, तर संपूर्ण रकमेवर १० टक्के टीडीएस कापला जातो. पॅन जोडलेला नसेल तर दर २० टक्के होतो, म्हणून अर्जाआधी केवायसीमध्ये पॅन पडताळलेला आहे ना, ते पाहावे. रक्कम ५०,००० पेक्षा कमी असेल तर टीडीएस नाही. पण टीडीएस नाही म्हणजे कर नाही, असे होत नाही. ४८,००० रुपये काढले तरी त्यातला करपात्र भाग विवरणपत्रात दाखवावाच लागतो.

टीडीएस टाळण्यासाठी फॉर्म १९ सोबत १५जी अपलोड करता येतो आणि जवळपास प्रत्येक सायबर कॅफेवाला तो सगळ्यांनाच भरून देतो. हे धोक्याचे आहे. साठ वर्षांखालील निवासी व्यक्तीने १५जी देण्यासाठी दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली, वर्षभराच्या एकूण अंदाजित उत्पन्नावरचा कर शून्य असावा. दुसरी, असे घोषणापत्र ज्यांवर देता येते त्या उत्पन्नांची बेरीज मूळ करमुक्त मर्यादेच्या आत असावी. वर्षाच्या पहिल्या चार महिन्यांत पगार घेतला, मग नोकरी सोडली आणि मार्चच्या आत पुन्हा रुजू झालात, तर पहिली अटच बहुधा मोडते. खोटे घोषणापत्र देणे हा कलम २७७ खालील गुन्हा आहे. साठ वर्षांवरील व्यक्तींसाठी १५एच असतो आणि त्याला यांपैकी पहिलीच अट लागू होते.

५. खरा कर मांडून पाहा

पुण्यातल्या एका कर्मचारी महिलेचे उदाहरण घेऊ. एप्रिल २०२२ मध्ये ती पहिल्या नोकरीत रुजू झाली, मूळ वेतन २५,००० रुपये. ३१ जुलै २०२४ रोजी तिने राजीनामा दिला, म्हणजे सेवा २८ महिन्यांची झाली. पहिल्याच नोकरीत पीएफचे वेतन १५,००० च्या वर असल्यामुळे ती पेन्शन योजनेची सदस्य नाही. त्यामुळे दरमहा तिचे ३,००० आणि मालकाचे पूर्ण ३,००० पीएफमध्येच गेले. ऑक्टोबरमध्ये तिने फॉर्म १९ भरला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पैसे आले. त्याच महिन्यात तिला नवी नोकरीही लागली.

खात्यातल्या रकमेचे चार भाग पाडायचे, कारण प्रत्येकाची करातली जागा वेगळी आहे. तिची वर्गणी ८४,०००, मालकाची वर्गणी ८४,०००, आणि २०२२-२३ साठी ८.१५ व पुढे ८.२५ टक्के दराने दोन्हींवरचे व्याज प्रत्येकी सुमारे ९,३००. एकूण १,८६,६०० रुपये. त्यावर १० टक्क्यांनी १८,६६० टीडीएस कापून १,६७,९४० रुपये तिच्या बँक खात्यात जमा झाले.

आता कर पाहू. मालकाची वर्गणी आणि तिच्यावरचे व्याज, मिळून ९३,३००, हे पगाराचे उत्पन्न मानले जाते. तिच्या स्वतःच्या वर्गणीवरचे ९,३०० व्याज इतर मार्गांनी मिळालेल्या उत्पन्नात जाते. तिची स्वतःची वर्गणी मुळात तिच्याच पगारातून गेलेली असल्याने ती पुन्हा उत्पन्न ठरत नाही, पण जुन्या करप्रणालीत तिने त्यावर कलम ८०सी ची वजावट घेतली होती. पाच वर्षांच्या आत पैसे काढल्यामुळे ती वजावट मागे घ्यावी लागते.

तिन्ही वर्षांत ती जुन्या प्रणालीत आणि २० टक्क्यांच्या टप्प्यात होती, आणि ८०सी मध्ये पीएफखेरीज तिच्याकडे काहीच नव्हते, असे धरू. तेव्हा ९३,३०० अधिक ९,३०० म्हणजे १,०२,६०० वर २०,५२० रुपये कर होतो. मागे घेतलेल्या ८४,००० च्या वजावटीमुळे आणखी १६,८०० रुपये लागतात. दोन्ही मिळून ३७,३२०, आणि ४ टक्के उपकर धरून ३८,८१३ रुपये. १८,६६० आधीच कापले गेले आहेत, त्यामुळे साधारण २०,१५३ रुपये तिला स्वतः भरावे लागतील. रक्कम नव्या खात्यात वर्ग केली असती, तर यांतला एक रुपयाही लागला नसता.

हेच आकडे परिस्थितीनुसार बरेच बदलतात. ८०सी मध्ये विमा, ईएलएसएस आणि गृहकर्जाचे मुद्दल धरून पीएफशिवायच दीड लाख भरत असतील, तर पीएफ वगळल्याने वजावट कमी होत नाही आणि १६,८०० चा भाग उडून जातो. नव्या प्रणालीत ८०सी ची वजावटच नसल्याने त्या वर्षांपुरते मागे घेण्यासारखे काही उरत नाही. त्या वर्षात उत्पन्न फारच कमी असेल, तर कापलेला टीडीएस परतही मिळू शकतो. मात्र ही रक्कम मिळवल्यावर एकूण उत्पन्न कर शून्य करणाऱ्या कलम ८७ए च्या सवलतीची मर्यादा ओलांडत नाही ना, हे बघा. नव्या प्रणालीत ती २०२४-२५ साठी ७ लाख आणि २०२५-२६ साठी १२ लाख आहे.

उरलेला कर भरण्यासाठी मार्च संपण्याची वाट पाहू नये. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा अधिक उरत असेल तर आगाऊ कराच्या तरतुदी लागू होतात, आणि नोव्हेंबरात मिळालेल्या पैशावरचा हप्ता १५ डिसेंबरपासूनच सुरू होतो. नव्या मालकाला आधीचा पगार आणि ही रक्कम लेखी कळवली, तर ते उरलेल्या महिन्यांच्या पगारातून कर कापू शकतात. बहुतेकांना हाच मार्ग सोपा जातो.

६. विवरणपत्रात कुठे दाखवायचे

कायद्याच्या काटेकोर भाषेत हा कर नियम ९ आणि कलम १११ नुसार वर्षवार मोजायचा असतो. हा निधी मान्यताप्राप्त नसता तर त्या त्या वर्षी किती जास्त कर लागला असता, ते काढायचे आणि त्यांची बेरीज चालू वर्षात भरायची. यासाठी आयटीआर-२ मध्ये इतर उत्पन्नाच्या परिशिष्टात स्वतंत्र तक्ता आहे. त्यात प्रत्येक कर निर्धारण वर्षासमोर उत्पन्नाचा लाभ आणि कराचा लाभ असे दोन आकडे भरायचे असतात. व्यवहारात अनेक सल्लागार मालकाचा भाग पगारात आणि स्वतःच्या वर्गणीवरचे व्याज इतर उत्पन्नात एकदमच दाखवतात, आणि मागच्या वर्षांच्या भारासाठी कलम ८९ ची सवलत फॉर्म १०ई भरून मागतात. वरच्या उदाहरणात तिन्ही वर्षे एकाच टप्प्यातली असल्याने दोन्ही वाटांनी उत्तर जवळपास सारखेच येते. पहिल्या वर्षी ५ टक्क्यांत आणि आता ३० टक्क्यांत असलेल्या माणसाला मात्र वर्षवार मांडणीने मोठा फरक पडतो, आणि अशा वेळी सनदी लेखापालाची फी वसूल होते.

१०ई विवरणपत्राच्या आधी पोर्टलवर दाखल करावा लागतो. नंतर भरल्यास ८९ ची सवलत नाकारली जाते. टीडीएस २६एएस मध्ये १९२ए या कलमाखाली दिसेल. तेथे दिसणारी १,८६,६०० ही संपूर्ण रक्कम आहे, तुमचे करपात्र उत्पन्न नव्हे. एआयएस मधला आकडा जसाच्या तसा उत्पन्नात उतरवला, तर स्वतःच्या ८४,००० वर दुसऱ्यांदा कर भराल. त्यामुळे चार भागांचा हिशेब पासबुकाच्या प्रतीसह जपून ठेवा, कारण फरकाबद्दल विचारणा झाली तर उत्तर त्यातूनच द्यायचे असते.

७. अडीच लाखांवरच्या वर्गणीचे व्याज

हा कर पाच वर्षांच्या नियमाहून वेगळा आहे आणि पैसे न काढताही लागतो. १ एप्रिल २०२१ पासून कर्मचाऱ्याची स्वतःची वर्गणी वर्षाला अडीच लाखांच्या वर गेली, तर जादा वर्गणीवरचे व्याज दरवर्षी करपात्र असते. ज्या निधीत मालक काहीच भरत नाही तेथे ही मर्यादा पाच लाख आहे. मोजणीत सक्तीची वर्गणी आणि स्वेच्छेने भरलेली व्हीपीएफ दोन्ही येतात, मालकाचा वाटा येत नाही.

आयकर नियम ९डी नुसार खात्याचे दोन कप्पे केले जातात. ३१ मार्च २०२१ पर्यंतची शिल्लक, त्यानंतरची मर्यादेतली वर्गणी आणि त्या सगळ्यावरचे व्याज करमुक्त कप्प्यात राहते. जादा वर्गणी आणि तिचे व्याज करपात्र कप्प्यात जाते. पासबुकाच्या शेवटी या दोन्हींचा महिनावार तक्ता दिसतो.

समजा मूळ वेतन एक लाख आहे, १२,००० सक्तीचे आणि १८,००० व्हीपीएफ असे दरमहा ३०,००० जातात. वर्षाचे ३,६०,००० होतात, म्हणजे १,१०,००० जादा. एप्रिलपासून मोजल्यास नवव्या हप्त्याला, म्हणजे डिसेंबरात मर्यादा ओलांडली जाते. त्यामुळे ८.२५ टक्क्यांनी पहिल्या वर्षीचे करपात्र व्याज जेमतेम १,०३१ रुपये भरते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसऱ्या वर्षी मागच्या १,११,०३१ वर पूर्ण वर्षाचे व्याज लागून ते १०,१९१ होते. तिसऱ्या वर्षी ते २०,००० च्या पुढे जाते. व्हीपीएफ बंद केली तरी आधीच साठलेल्या जादा रकमेवरचे व्याज करपात्रच राहते, आणि सेवा पाच काय, पंधरा वर्षांची झाली तरी त्यात फरक पडत नाही.

या व्याजावर कलम १९४ए खाली १० टक्के टीडीएस कापला जातो, पण वर्षाचे करपात्र व्याज १०,००० पर्यंत असेल तर कापला जात नाही; ३१ मार्च २०२५ पर्यंत ही मर्यादा ५,००० होती. पहिल्या वर्षीचे ते १,०३१ रुपये म्हणूनच विवरणपत्रातून निसटतात. दुसऱ्या वर्षी १,०१९ कापले जातील, पण ३० टक्क्यांच्या टप्प्यात खरा कर उपकरासह ३,१८० आहे. उरलेले २,१६१ स्वतः भरायचे. कर वजा जाता या जादा भागावर हाती पडणारे व्याज साधारण ५.६८ टक्के उरते, तेव्हा व्हीपीएफचा आकडा एप्रिलमध्ये ठरवताना वर्षाची एकूण वर्गणी अडीच लाखांशी ताडून पाहावी.

हे व्याज इतर मार्गांनी मिळालेल्या उत्पन्नात, ज्या वर्षाचे असेल त्याच वर्षात दाखवायचे असते. पीएफचे व्याज पासबुकात उशिराने चढते, आणि विवरणपत्र भरताना ते दिसत नसले तर करपात्र कप्प्याची सुरुवातीची शिल्लक, त्या वर्षीची महिनावार जादा वर्गणी आणि जाहीर झालेला दर घेऊन ते स्वतः काढता येते. नंतर पासबुक अद्ययावत झाले आणि आकड्यात फरक निघाला, तर मुदतीत सुधारित विवरणपत्र भरून तो दुरुस्त करता येतो.